पेन्शनच्या नोटिशीचा फोटो, दोन भाषांतरं आणि वाया गेलेले सहा दिवस

ही एकाच घरातली, एकाच पत्राची गोष्ट आहे. नावं, गाव, ऑफिस सगळं काढून टाकलंय. तारखा आणि वार मात्र तसेच ठेवलेत, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

पार्श्वभूमी

माझी आत्या ७८ वर्षांची आणि आतोबा ८३ चे, दोघंच राहतात. पेन्शन आतोबांची आहे. त्यांनी आयुष्यभर वर्कशॉपमध्ये काम केलं, मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची सवय, आता भिंग घेऊन वाचतात पण वाचतात. आत्या चौथीपर्यंत शिकलेली, अक्षरं लावून वाचते, पण तिचं सगळं समजणं कानावर. फोनवर बोललेलं ती महिनाभर शब्दाला शब्द लक्षात ठेवते आणि लिहिलेलं मात्र "नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवते. इंग्रजी दोघांनाही येत नाही. दरवर्षी पेन्शनचे कागद आतेभाऊ बघायचा, तो यंदा नोकरीसाठी दुसरीकडे गेला आणि नेमकं यंदाच ते काम राहून गेलं.

शनिवारी, ५ तारखेला, इंग्रजीत एक पत्र आलं. दोन दिवस ते टेबलावरच पडून होतं. मंगळवारी ८ तारखेला रात्री आत्याने शेजारच्या मुलाकडून फोटो काढून घेतला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली एवढंच लिहिलेलं, "हे काय आहे बघा".

फोटोत काय दिसत होतं

पत्र घडी घालून पाकिटात आलेलं, त्यामुळे मधोमध आडवी घडी होती आणि ती नेमकी मुदतीच्या ओळीवर पडलेली. वरच्या ट्यूबलाइटचा पांढरा पट्टाही तिथेच. "२" दिसत होता, त्याच्या पुढचा आकडा दिसत नव्हता. २१ असेल, २४ असेल, २७ सुद्धा असू शकत होता. ऑफिसच्या पत्रात आकड्यापुढे कंसात तो अक्षरांतही लिहायची पद्धत असते, इथे ते अक्षरांतलं लिखाण घडीच्या खालच्या ओळीवर गेलं होतं आणि तिथे "वन" स्पष्ट दिसत होतं. म्हणून २१. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण धूसर आकडा अंदाजाने लावायचा मोह फार होतो आणि बहुतेक वेळा त्याच कागदावर तो दुसरीकडे कुठेतरी लिहिलेला असतो.

पत्रात तीन परिच्छेद दिसत होते. पहिल्यात, तुमचं या वर्षाचं लाइफ सर्टिफिकेट आमच्याकडे आलेलं नाही. दुसऱ्यात, हे पत्र मिळाल्यापासून २१ दिवसांत ते द्या असा आदेश, नाहीतर परत न कळवता पेन्शनचे पैसे रोखून ठेवले जातील. तिसऱ्यात, आजारपणामुळे स्वतः येता येत नसेल तर घरी येऊन पडताळणी करावी अशी लेखी विनंती करता येईल. तिसरा परिच्छेद पानाच्या अगदी तळाशी होता आणि त्याखाली सही नव्हती. सही नाही म्हणजे पत्र इथे संपलेलं नाही, मागे काहीतरी आहे. हे त्या रात्री ना माझ्या लक्षात आलं ना आतेभावाच्या.

नेमकी अडचण

अडचण इंग्रजी समजण्याची नव्हती, ते आम्हा दोघांनाही नीट समजलं होतं. ते मराठीत कुठल्या आवाजात सांगायचं ही अडचण होती. ऑफिसची मराठी एक आवाज आहे आणि घरात बोलतो ती मराठी दुसरा. ऑफिसच्या मराठीत लिहिलं तर आत्या घाबरणार किंवा वाचणारच नाही. घरच्या मराठीत सांगितलं तर आतोबा म्हणणार, पत्रात खरंच असं लिहिलंय का. शिवाय दोघांना मिळून एकच काम करायचं होतं, एकाने कागद हातात घ्यायचा आणि दुसऱ्याने आठवण ठेवायची, त्यामुळे दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट जायला हवी होती.

झालं असं की कोणी काही ठरवलंच नाही. त्याच रात्री आतेभावाने एका पद्धतीने लिहून पाठवलं आणि अर्ध्या तासाने मी दुसऱ्या पद्धतीने बोलून पाठवलं, आणि आत्या आतोबांकडे एकाच पत्राची दोन रूपं जाऊन पडली.

समोर आलेले दोन पर्याय

आतेभावाचा मेसेज असा होता:

"आपणांस याद्वारे कळविण्यात येते की, अभिलेखानुसार चालू वर्षाचा आपला हयातीचा दाखला या कार्यालयास अप्राप्त आहे. सबब, सदर सूचना प्राप्त झाल्यापासून २१ दिवसांच्या आत उक्त दाखला सादर करावा, अन्यथा कोणतीही पूर्वसूचना न देता निवृत्तिवेतनाचे प्रदान रोखून ठेवण्यात येईल. शारीरिक असमर्थतेमुळे प्रत्यक्ष उपस्थित राहणे शक्य नसल्यास निवासस्थानी पडताळणीकरिता लेखी विनंती करता येईल."

भाषांतर म्हणून यात एकही चूक नाही, आणि हे मी त्याची बाजू घेऊन म्हणत नाहीये, खरंच नाही. आतोबांनी भिंगातून ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि "बरोबर आहे" म्हणाले. पण आत्याने विचारलं की म्हणजे काय करायचं, तर ते गप्प बसले. आम्हाला हे नंतर कळलं.

का गप्प बसले यावर मी बराच विचार केलाय. सदर, उक्त, सबब हे शब्द अडले असतील असं आधी वाटलं होतं, पण ते शब्द तर ते रोज पेपरात जाहीर नोटिसांत वाचतात. अडलं ते "सादर करावा" हे. ऑफिसच्या मराठीत "करावा" म्हणजे करायलाच पाहिजे, तो हुकूम आहे. घरच्या मराठीत "करावा" म्हणजे केलेला बरा. सकाळी थोडं चालावं, जेवणानंतर लगेच झोपू नये, अशातला तो "करावा". मूळ इंग्रजीत सरळ "डायरेक्टेड" होतं, म्हणजे आदेश, आणि आतोबांच्या कानाला तो सल्ला वाटला. त्यात "रोखून ठेवण्यात येईल" याला कर्ताच नाही. कोण रोखणार, कुणाच्या हातात आहे, कुणाला जाऊन भेटायचं, वाक्यात माणूसच दिसत नाही. वाचणाऱ्याला वाटतं की हे आपोआप होणारं काहीतरी आहे आणि आपण त्यात काय करणार.

आता माझा व्हॉइस मेसेज. तो मी नंतर पुन्हा ऐकला आणि जसाच्या तसा इथे देतेय:

"आत्या, काळजी करू नकोस हं. काही विशेष नाही. आतोबा जिवंत असल्याचं सर्टिफिकेट ऑफिसला द्यायचं राहिलंय, ते पंचवीस तारखेच्या आत दे, नाहीतर पेन्शन बंद होईल. आणि त्यांना चालवत नसेल तर काही हरकत नाही, अर्ज केला की ते घरी येतात."

मला वाटलं, किती सोपं करून सांगितलं. अर्ध्या मिनिटात सगळं आलं, एकही जड शब्द नाही, आवाजही शांत.

सहा दिवस

सोमवारी १४ तारखेला आत्याचा फोन आला. "अगं, अजून कोणी आलंच नाही."

कोण यायचं होतं हेच मला आधी कळेना. मग कळलं की बुधवारपासून दोघं घरी थांबून होते. आत्याने दवाखान्यात जायचं पुढे ढकललं होतं, आतोबा रोज सकाळी दाढी करून स्वच्छ शर्ट घालून बसत होते की माणूस आला तर बरं दिसावं. अर्ज त्यांनी केलेलाच नव्हता. "अर्ज केला की" हे माझ्या वाक्यातले तीन शब्द आत्याच्या कानावरून निघून गेले होते, कारण अर्ज मीच केला असणार असं तिने धरलं होतं, आणि मी बोलले होतेच अशा सुरात की सगळं झाल्यासारखं वाटावं. तिच्या मनात राहिलं ते "ते घरी येतात".

पत्रात काय होतं, तर विनंती करता येईल. विनंती केली म्हणजे ते येतील असं पत्रात कुठेही नाही, कधी येतील तेही नाही. ही चूक माझ्याकडून मायेच्या पोटी झाली. आतोबांचा गुडघा दुखतोय हे डोक्यात होतं, त्यांना बरं वाटावं म्हणून मी ऑफिसने दिलेल्या परवानगीचं वचन करून टाकलं, आणि ते वचन माझं नव्हतंच.

त्याच फोनवर बाकीचं हळूहळू बाहेर आलं. आत्या म्हणाली, "तू ते जिवंत असल्याचं वगैरे बोललीस ते मला नाही आवडलं, रात्री झोप नाही आली." मागून आतोबांचा आवाज, "हयातीचा दाखला म्हण ना मग. दरवर्षी तेच तर देतो."

मी तिथे थांबले, कारण माझा सगळा हिशेबच यात उलटा पडत होता. मी धरून चालले होते की ऑफिसचा शब्द कोरडा आणि घरचा शब्द मायेचा. इथे ऑफिसचा शब्दच मऊ निघाला. "हयात" हा शब्द या पिढीच्या बोलण्यात सहज येतो, "ते हयात असताना" असं आत्या स्वतः म्हणते, त्यात मान आहे. आणि माझा तो घरगुती शब्द ८३ वर्षांच्या माणसाच्या बायकोला सरळ मृत्यूची आठवण करून देणारा. शिवाय तो शब्द खिडकीवर कोणी बोलणारच नाही. तिथला माणूस हयातीचा दाखला म्हणणार, किंवा लाइफ सर्टिफिकेट, आणि आत्या मनात भलताच शब्द घेऊन उभी राहणार.

मग तारीख. आतोबांनी आतेभावाच्या मेसेजवरून स्वतः मोजलं होतं, ५ तारखेला पत्र मिळालं, तो दिवस सोडून २१ मोजले तर २६ येते. मी २५ सांगितलेली. ते मला म्हणाले, "तुमच्या दोघांचं जमत नाही, नक्की कुणाचं खरं?" माझ्याकडे कारण होतं. २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, त्यामुळे वार तोच पडतो, शनिवारी मिळालेल्या पत्राची मुदत शनिवारीच संपणार, आणि ते ऑफिस शनिवारी बंद असतं, म्हणून हाताशी शेवटचा दिवस शुक्रवार २५. पण मी हे काहीच सांगितलं नव्हतं, नुसती तारीख बदलून दिली होती. म्हातारी माणसं आहेत, कशाला गोंधळात टाकायचं, असं मनात होतं. गोंधळ त्यामुळेच झाला, आणि वर आतोबांचा दोन्ही मेसेजवरचा विश्वास उडाला.

दुसऱ्यांदा, नीट

फोन ठेवायच्या आधी पहिली गोष्ट, पत्राचा फोटो पुन्हा मागितला. यावेळी सांगून: कागद टेबलावर सपाट ठेवा, घडीवरून हात फिरवा, दिवा बंद करून खिडकीपाशी दिवसा काढा, फोन बरोबर वरून धरा, चारही कडा दिसू देत, आणि मग कागद उलटा करून मागचाही काढा. पाकिटाचाही मागवला.

मागच्या पानावर चौथा परिच्छेद होता. दाखला मिळाल्यावर रोखलेली सगळी थकबाकी देण्यात येईल. म्हणजे अख्ख्या पत्रातलं धीर देणारं एकमेव वाक्य मागे होतं, आणि मी मात्र सांगून बसले होते की पेन्शन बंद होईल. रोखून ठेवणं आणि बंद होणं यात किती अंतर आहे ते पेन्शनवर घर चालणाऱ्या माणसाला विचारा. एकात पैसे उशिरा येतात, दुसऱ्यात येतच नाहीत. आतेभावाने "रोखून ठेवण्यात येईल" हे बरोबर लिहिलं होतं, बोलीत आणताना मी ते "बंद" केलं कारण तोंडात तेच आलं. दोघांपैकी एकानेही मागचं पान मागितलं नाही हा मात्र दोघांचाही दोष.

मग मी ऑफिसला फोन केला. घरी येण्याच्या विनंतीसोबत डॉक्टरांचं पत्र लागतं आणि माणूस कोणत्या दिवशी येईल ते आधी सांगता येत नाही, असं कळलं. उरले होते अकरा दिवस. आतोबा काठीने आणि एका हाताच्या आधाराने थोडं चालतात, आणि ऑफिस तळमजल्यावर आहे. त्यांनाच विचारलं, ते म्हणाले, "जाऊ की." हा प्रश्न त्यांना पहिल्या रात्रीच विचारायला हवा होता.

आता शब्द कसे निवडायचे ते आतेभाऊ आणि मी फोनवर बसून ठरवलं, तासभर गेला असेल. पूर्ण ऑफिसची भाषा नको आणि पूर्ण घरची पण नको एवढं सरळ होतं, पण "मधली भाषा" असं नुसतं म्हणून काही हाती लागत नाही, प्रत्येक शब्दाला विचारावं लागतं. आम्ही विचारलं ते एवढंच, हा शब्द त्यांना खिडकीवर ऐकावा किंवा बोलावा लागणार आहे का? लागणार असेल तर तो ऑफिसचाच ठेवायचा, म्हणून हयातीचा दाखला राहिला आणि पोच राहिली. नसेल तर घरचा, म्हणून अभिलेख, सदर, उक्त, प्रदान सगळे गेले. क्रियापदं मात्र सगळी घरची केली आणि प्रत्येकाला कर्ता दिला. "करावा" काढून "द्यायलाच हवा". "रोखण्यात येईल" काढून "रोखून ठेवतील". आणि "करता येईल" याचं "करू शकतो" केलं, त्यापुढे एक पाऊलही टाकायचं नाही असं ठरवलं.

यापेक्षा जास्त वेळ गेला तो एका रेषेवर. पत्रात काय आहे आणि आमचं म्हणणं काय आहे यांच्यामधली रेषा. आतोबांचा सगळा आक्षेप तिथेच होता आणि तो अगदी रास्त होता. माझ्या व्हॉइस मेसेजमध्ये ऑफिसचं बोलणं, माझा अंदाज आणि माझी काळजी एकाच सुरात मिसळलेली होती, ऐकणाऱ्याला कुठून कळणार की २५ तारीख ऑफिसची का माझी.

शेवटी मंगळवारी सकाळी मी फोन केला, स्पीकरवर, दोघांना समोर बसवून. आतोबांना वही घ्यायला सांगितलं आणि मी सांगत गेले तसं ते लिहीत गेले:

"पेन्शन ऑफिसचं पत्र आलंय. त्यात चार गोष्टी लिहिल्यात.

एक. आतोबांचा या वर्षाचा हयातीचा दाखला ऑफिसला मिळालेला नाही.

दोन. तो द्यायलाच हवा. पत्र मिळाल्यापासून २१ दिवस दिलेत. पत्र शनिवारी ५ तारखेला मिळालं. म्हणजे शनिवार २६ तारीख हा शेवटचा दिवस.

तीन. तोवर नाही दिला तर ते पेन्शन रोखून ठेवतील. त्याआधी परत पत्र पाठवणार नाहीत. नंतर दाखला दिला की राहिलेले सगळे पैसे देतील.

चार. आतोबांना जाता येत नसेल तर घरी या अशी विनंती आपण लिहून करू शकतो. केली की येतीलच असं पत्रात नाही.

पत्रातलं इथे संपलं. आता आमचं म्हणणं. शनिवारी ऑफिस बंद असतं म्हणून आपल्याला शुक्रवार २५ पर्यंतच वेळ आहे. आपण तेवढं थांबायचं नाही, परवा गुरुवारी १७ तारखेला जायचं. शेजारचा मुलगा सोबत येतोय. हे पत्र आणि पेन्शनचं पुस्तक सोबत घ्यायचं. दाखला दिल्यावर पोच मागून घ्यायची."

लिहून घ्यायचं खरं म्हणजे आतोबांच्या डोळ्यांसाठी ठरवलं होतं, स्वतःच्या मोठ्या अक्षरातलं त्यांना भिंगाशिवाय वाचता येतं. पण त्यातून वेगळाच फायदा झाला. एखादं वाक्य लांब झालं की ते "पुढे?" न म्हणता "परत सांग" म्हणायचे. तिसरा मुद्दा मी आधी एकाच वाक्यात सांगितला होता, "तोवर दिला नाही तर परत न कळवता पेन्शन रोखून ठेवतील आणि मग दिल्यावर राहिलेले पैसे देतील", त्यावर तीनदा "परत सांग" झालं. मग त्याची तीन वाक्यं केली. म्हाताऱ्या माणसासाठी वाक्य किती लांब चालतं याचं माप लिहिणाऱ्याच्या हातानेच दिलं.

शेवटी "कळलं का" हे मी विचारलं नाही. त्याला उत्तर हो असंच येतं, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून तरी येतं. मी आत्याला म्हटलं, आता आतेभावाला फोन लाव आणि काय काय करायचं ठरलं ते तूच सांग. तिने सांगितलं. गुरुवार सांगितला, पोच सांगितली, पेन्शनचं पुस्तक विसरली, ते आतोबांनी मागून वहीत बघून सांगितलं.

काय झालं

गुरुवारी गेले. खिडकीवरच्या माणसाने हयातीचा दाखला का असं विचारलं, आतोबांनी हो म्हटलं, तिथेच फॉर्म भरून सही घेतली. पोच मिळाली, ती आत्याने मागितली. पुढच्या महिन्याची पेन्शन वेळेवर आली, रोखायची वेळ आली नाही.

त्या सहा दिवसांचं नुकसान बाहेरून काहीच दिसत नाही, मुदत पाळली गेली, पैसे आले. पण आत्याचा दवाखाना आठवडाभर पुढे गेला आणि तीन चार रात्री ती नीट झोपली नाही हे माझ्या हिशेबात आहेच.

परत वेळ आली तर

पहिल्या रात्री कोणीच मेसेज पाठवायला नको होता. घाई काहीच नव्हती, मुदतीला अठरा दिवस बाकी होते. आत्याचा प्रश्न रात्री नऊ वाजता आला म्हणून उत्तर सव्वानऊला द्यावंसं वाटलं, एवढंच. "पत्र बघितलं, मुदत आहे, मागच्या बाजूचा फोटो उद्या उजेडात काढून पाठव, मग फोन करते" एवढं सांगितलं असतं तर ती शांत झोपली असती.

आतेभाऊ आणि मी आधी एकमेकांशी बोललो असतो तर दोन रूपं गेलीच नसती. एका पत्राची दोन भाषांतरं पोचली की मोठी माणसं त्यांतला फरक शोधत बसतात, मूळ काम बाजूला राहतं.

"काळजी करू नकोस" ने सुरुवात मी आता करत नाही. आत्याने नंतर सांगितलं की ते ऐकल्याबरोबर तिला वाटलं, नक्कीच काहीतरी झालंय. आता पहिलं वाक्य कुणाचं पत्र आहे ते, आणि दुसरं कशाबद्दल आहे ते. धीर द्यायचाच असेल तर पत्रातलंच धीराचं वाक्य शोधून तेच द्यायचं, इथे ते होतं, फक्त मागच्या पानावर होतं.

"२५ च्या आत" असं पण म्हणणार नाही. २५ धरून का २५ सोडून, यावर आमच्याच घरात दोन मतं निघाली. "शुक्रवार, २५ तारीख, हा शेवटचा दिवस" असं म्हटलं की वाद उरत नाही, आणि वार सांगितला की तारीख चुकली तरी पकडता येते.

एका गोष्टीवर आतेभाऊ आणि माझं अजून एकमत नाही. "त्याआधी परत पत्र पाठवणार नाहीत" हे वाक्य सांगायचं की नाही. त्याचं म्हणणं, ते सांगून उगाच धाक वाटतो, आपण तर गुरुवारी जाणारच होतो. माझं म्हणणं, समजा गुरुवारी पाऊस आला, आतोबांचा गुडघा सुजला, आणि त्यांनी ठरवलं की परत पत्र येईल तेव्हा जाऊ, तर? पत्रातलं कुठलं वाक्य त्यांना लागणार आहे ते मी घरबसल्या ठरवू नये असं मला वाटतं. सूर मऊ करायचा, वाक्य गाळायचं नाही. तो म्हणतो, आई तुझी नाही म्हणून तुला सोपं जातं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण मी ते वाक्य पुढच्या वेळीही सांगेन.

वहीतलं ते पान मी मागच्या भेटीत बघितलं. मी सांगितलेलं सगळं शब्दाला शब्द आहे, फक्त वर मथळा आतोबांनी स्वतः घातलाय, "निवृत्तिवेतनाबाबत", आणि त्याखाली दोन रेघा मारल्यात.